महिन्यानुसार, अडचण-उपाय की तुलना: संचालकांपुढच्या आढाव्याची मांडणी कशी ठरवायची

प्रश्न: जळगाव जिल्ह्यात एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये मॅनेजर आहे. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तीन संचालकांसमोर हंगामाचा आढावा द्यायचा आहे, वेळ 15 मिनिटं. ऑक्टोबर ते जानेवारी 30,000 क्विंटल कापूस घेतला. रुईचा उतारा 34.5 टक्के धरला होता, आला 33.6. मशीन 24, सगळी डबल रोलर. ऑक्टोबरपासून क्रमाने सांगावं, अडचण आणि उपाय असं सांगावं, की गेल्या वर्षाशी तुलना करावी? मागच्या वेळी क्रमाने सांगितलं, तर डिसेंबरपर्यंत पोहोचायच्या आतच मीटिंग संपली.

उत्तर:

तिन्हीपैकी कोणती मांडणी घ्यायची हे आकड्यांकडे बघून ठरत नाही. तुमचे हेच आकडे तिन्ही साच्यांत बसतील आणि तिन्ही वेळा खरे वाटतील. समोरच्यांच्या हातात अजून कोणता निर्णय शिल्लक आहे, यावरून मांडणी ठरते. म्हणून पहिली स्लाइड उघडण्याआधी कागदावर एकच वाक्य लिहा: मीटिंग संपताना शेठ काय बोलून उठले तर माझं काम झालं? ते वाक्य 'हो, करा' असं असेल तर अडचण-उपाय. 'यातलं दुसरं घ्या' असं असेल तर तुलना. 'बरं, कळलं, नेमकं कुठे वेळ गेला ते दिसलं' असं असेल तर कालक्रम. वाक्यच सुचत नसेल, तर मीटिंगऐवजी आदल्या संध्याकाळी एक पानाचा कागद व्हॉट्सॲपवर पाठवून दिलेला बरा.

तुमच्या बाबतीत हे वाक्य काय आहे ते शोधायला आधी उताऱ्यातली ती 0.9 टक्क्याची घट फोडावी लागेल. फोडल्याशिवाय मांडणी ठरवायला गेलात तर चुकीची निवडाल, कारण या घटीत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आहेत आणि त्यांच्या निर्णयाच्या तारखा वेगळ्या आहेत.

30,000 क्विंटलवर 0.9 टक्के म्हणजे 270 क्विंटल रुई, 170 किलोच्या गाठीच्या हिशेबाने साधारण 159 गाठी. रुईचा भाव हिशेबापुरता 15,000 रुपये क्विंटल धरला, तर बहुतेक मॅनेजर 270 गुणिले 15,000 करून 40.5 लाखांचं नुकसान म्हणून सांगून मोकळे होतात. हा आकडा चुकीचा आहे, आणि धंद्यात मुरलेल्या शेठला तो लगेच खटकतो. रुई कमी आली ती गेली कुठे, हे त्यात नाही. ती दोन ठिकाणी जाऊ शकते. एक, ती मुळात रुई नव्हतीच, पाणी होतं: कापूस ओला घेतला, वजन पाण्याचं भरलं, आणि यार्डात व मशीनवर ते उडालं. असं असेल तर रुई आणि सरकी दोन्ही कमी येतात आणि रजिस्टरमधली घट, म्हणजे रुईतही नाही आणि सरकीतही नाही असं उडून गेलेलं वजन, वाढते. दोन, रुई सरकीलाच चिकटून राहिली: रोलर घासले आहेत, नीट ओढत नाहीत. तेव्हा रुई कमी येते पण सरकीचं वजन तेवढंच वाढतं, घट जागच्या जागी राहते. तुमच्या उत्पादन रजिस्टरमध्ये रुई, सरकी आणि घट या तीन ओळी महिन्यानुसार असतीलच. त्यावरून दोन कारणांचा वाटा काढता येतो. रोलरचा वाटा पडताळायला प्रत्येक मशीनखालून सरकीचा सारख्या वजनाचा नमुना घ्या, तो चांगल्या मशीनवरून पुन्हा फिरवा आणि किती रुई निघते ते तोला. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

पुढच्या उदाहरणापुरतं असं धरतो, की निम्मा कापूस 11 टक्के ओलाव्याचा आला आणि पैसे 8 टक्के ओलाव्याच्या भावाने दिले गेले. त्यामुळे उताऱ्यात 0.55 टक्के घट. उरलेले 0.35 टक्के घासलेल्या रोलरांमुळे. तुमच्या यार्डातले खरे आकडे वेगळे निघतील, पण हिशेबाची रीत हीच राहील. सरकी 3,500 रुपये क्विंटल धरली, तर ओलाव्याने 165 क्विंटल रुई आणि साधारण 300 क्विंटल सरकी अशी दोन्ही गेली: 35 लाखांच्या थोडं वर. रोलरमुळे गेलेली 105 क्विंटल रुई मात्र सरकीच्या भावाने विकली गेली, म्हणजे तिथे क्विंटलमागे 15,000 नाही, 11,500 गेले: 12 लाख. एकूण 47 लाख, 40.5 नाही. आकडा वाढला म्हणून घाबरू नका. 'हा 40.5 नाही, 47 आहे, आणि का ते सांगतो' असं म्हणणाऱ्या माणसाचं पुढचं ऐकून घेतलं जातं.

आता निर्णयाकडे. गेलेले 47 लाख कोणाच्याही निर्णयाने परत येणार नाहीत. प्रश्न उरतो तो पुढच्या कापसाचा. फेब्रुवारी ते एप्रिल अजून 12,000 क्विंटल येईल असं धरा. भोळा हिशेब म्हणेल, याच दराने अजून 19 लाख जातील. पण फेब्रुवारीत कापूस वाळलेला असतो. ओलावा हा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा आजार, परतीच्या पावसाचा आणि पहिल्या वेचणीचा. म्हणजे ओलाव्याबद्दल आज काही ठरवून या हंगामात फारसं वाचत नाही. तो निर्णय पुढच्या दसऱ्याआधीचा आहे. रोलर मात्र रोज नुकसान करत आहेत: 12,000 क्विंटलवर 0.35 टक्के म्हणजे 42 क्विंटल, 4.8 लाख. सगळ्या 24 मशीनचे रोलर आत्ता बदलायला समजा 6 लाख लागतात, तर ते या हंगामात भरून निघत नाहीत. पण घास सगळीकडे सारखा नसतो. नमुन्यांत समजा 8 मशीन दोनतृतीयांश गळतीला कारण निघाली, तर 2 लाखांत 3.2 लाख वाचतात. रात्री दोन-दोन मशीन घेतली तर उत्पादनही थांबत नाही. बाकीची 16 उन्हाळ्याच्या बंदीत.

आता तुमचं शेवटचं वाक्य आपोआप तयार झालं: '8 मशीनच्या रोलरसाठी 2 लाख मंजूर करा, आणि ऑक्टोबरच्या खरेदीचा नियम ठरवायची तारीख द्या.' त्यातलं क्रियापद 'मंजूर करा' आहे. म्हणून तुमची मुख्य मांडणी अडचण-उपाय. ओलाव्याच्या पानात लहानशी तुलना येईल, कारण तिथे खरोखर दोन-तीन मार्ग आहेत. आणि कालक्रमाला एकच आलेख मिळेल: महिन्यानुसार सरासरी ओलावा. तो आलेख कशासाठी? ओलावा आता उतरला आहे, म्हणून आज त्यावर खर्च मागत नाही, हे दाखवण्यासाठी. एका आढाव्यात तिन्ही पद्धती असायला हरकत नाही, पण सांगाडा एकाचाच. बाकीच्या दोन त्याच्या पोटात, एखादं पान घेऊन.

मागच्या वेळी काय बिघडलं तेही यातून दिसतं. क्रमाने सांगण्याचा मोह स्वाभाविक आहे, कारण काम तसंच घडलं, नोंदी तशाच आहेत, आणि क्रमाने सांगताना कोणाला दोष द्यावा लागत नाही. पण संचालक ऑक्टोबरची गोष्ट ऐकायला बसलेले नसतात. खान्देशातल्या कुठल्याही घरच्या धंद्यात पाहा, दुसऱ्याच मिनिटाला एखादे काका चष्मा काढून विचारतात, 'मंग आते काय करानं?' तिथून पुढे तुमचा क्रम मोडतो, तुम्ही जानेवारीवर उडी मारता, परत नोव्हेंबरला येता, आणि वेळ जातो.

कालक्रमाचा दुसरा धोका जास्त गंभीर आहे. 'नोव्हेंबरमध्ये नवीन खरेदीदार बसवला, डिसेंबरमध्ये उतारा घसरला' अशी दोन वाक्यं लागोपाठ आली की ऐकणारा मधे 'म्हणून' टाकतो. तुम्ही म्हटलेलं नसतं, पण त्या माणसावर ठपका बसतो. डिसेंबरची घसरण कदाचित रोलरची होती. क्रम हा कारणाचा पुरावा नसतो, पण तसा भासतो. तुमच्या मांडणीत ही चूक आहे का हे ओळखायची सोपी खूण आहे. सगळ्या स्लाइडांची फक्त शीर्षकं एकाखाली एक लिहा. 'ऑक्टोबर', 'नोव्हेंबर', 'डिसेंबर' अशी निघाली, तर तुम्ही रजिस्टर वाचून दाखवत आहात. मग महिन्यांची नावं पुसा आणि क्रम उलटा करून पाहा. उलटा करूनही अर्थ बदलत नसेल, तर क्रमाला महत्त्व नव्हतंच.

मग कालक्रम कधी घ्यायचा? जिथे दोन घटनांमधलं अंतर हाच मुद्दा आहे तिथे. जिनिंगमध्ये याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आगीचं. कापसासोबत खडा किंवा लोखंडाचा तुकडा गेला, ठिणगी उडाली, रुईने पेट घेतला. अशा घटनेचा अहवाल अडचण-उपायात बसवला की तो वकिली वाटतो. तिथे घड्याळच लावायचं. समजा 2 वाजून 10 मिनिटांनी धूर दिसला, 2:13 ला मशीन बंद, 2:26 ला पाण्याचा पंप सुरू. या तीन नोंदींत पहिली 3 मिनिटं ठीक आहेत, नंतरची 13 ठीक नाहीत, आणि हे कोणी सांगायची गरज उरत नाही. चावी कोणाकडे होती, हा प्रश्न समोरूनच येतो. विमा कंपनीच्या सर्व्हेअरलाही हाच क्रम लागतो. प्रकल्पाच्या प्रगतीचंही तसंच: नवीन प्रेस 15 सप्टेंबरला उभा राहायचा होता, 20 ऑक्टोबरला राहिला, तर 35 दिवस नेमके कुठल्या टप्प्यावर गेले हे क्रमानेच कळतं. पण इथेही पहिलं वाक्य शेवटचं असावं: 'माणसं सुखरूप, 40 गाठी जळाल्या, पंप सुरू व्हायला उशीर झाला, आता क्रम सांगतो.' निकाल लपवून ठेवून उत्सुकता वाढवणं कीर्तनात शोभतं, संचालकांच्या खोलीत नाही.

तुम्ही विचारलेल्या 'गेल्या वर्षाशी तुलना' या पर्यायाबद्दल स्पष्ट सांगतो: ती तुलनेची मांडणीच नाही. गेलं वर्ष कोणाला निवडता येत नाही. ते मोजपट्टी आहे, पर्याय नाही. मोजपट्टी एका ओळीत येते: 'धरलं होतं 34.5, आलं 33.6.' त्यावर पूर्ण आढावा उभा केला तर अर्धा वेळ 'पण गेल्या वर्षी पाऊस वेगळा होता, कापूस वेगळा होता' यातच जातो, आणि ते म्हणणं खरंही असतं. तुलनेची मांडणी तेव्हाच घ्यायची जेव्हा समोर दोन किंवा तीन रस्ते आहेत, तिन्हींवर आजही चालता येतं, आणि निवडायचा अधिकार ऐकणाऱ्यांकडे आहे.

तुमच्याकडे असा एक प्रश्न आहे: ऑक्टोबरमध्ये ओला कापूस आला तर काय करायचं. पहिला मार्ग, गेटवर मीटर लावून 8 टक्क्यांना पूर्ण भाव, त्यावर प्रत्येक टक्क्याला भावात 1 टक्का कपात, 12 च्या वर गाडी परत. 8 ते 12 ही चौकट सीसीआय या सरकारी महामंडळाच्या खरेदीत चालते, त्यामुळे शेतकऱ्याला ती अगदीच अनोळखी नाही. दुसरा मार्ग, कपात न करता घ्यायचा आणि यार्डात पसरून वाळवायचा. तिसरा, सुरुवातीची ओली आवक सोडून द्यायची आणि खरेदी उशिरा सुरू करायची.

या तिघांची तुलना लिहिताना लोक एक ठरावीक चूक करतात. पहिल्या पानावर मीटरचे फायदे-तोटे, दुसऱ्यावर वाळवणीचे, तिसऱ्यावर उशिरा खरेदीचे. तिसऱ्या पानावर येईपर्यंत पहिल्या पानावरचा आकडा कोणाला आठवत नाही, आणि प्रत्येक पानावर वेगळेच निकष आलेले असतात. पर्याय दोनच असतील आणि सोपे असतील तर हे चालून जातं. तीन झाले की निकषांनुसार चाला: वाचतं किती, आवक किती जाते, ऑक्टोबरआधी काय तयार लागतं, आणि गेटवर हे राबवणार कोण. चार पुरे. सातवा-आठवा निकष आला की निर्णय होत नाही, 'बघू' होतं. निकषांची ओळ ठेवायची की काढायची यासाठी एकच कसोटी: तिन्ही पर्यायांत उत्तर सारखंच असेल, तर ती ओळ काढून टाका. 'धाग्याची लांबी बदलत नाही' ही ओळ खरी आहे, पण तिने काहीच ठरत नाही.

शिवाय जो निकष निर्णय फिरवतो तो वर घ्या. इथे तो आहे आवक. कपात लावली की ओल्या कापसाची गाडी शेजारच्या जिनिंगला वळेल, किंवा खेडा खरेदीवाला गावातच उचलेल, ही शेठची खरी भीती असते, आणि ती रास्त आहे. तिला आकड्याने भिडा. कापसाचा भाव 7,000 धरला तर 11 टक्क्यांच्या मालावर 3 टक्के कपात म्हणजे क्विंटलला 210 रुपये. 15,000 ओल्या क्विंटलवर 31.5 लाख परत येतात, म्हणजे 35 लाखांपैकी बहुतेक. उलट बाजूला, एकूण आवकेतला दहावा हिस्सा, 3,000 क्विंटल, निघून गेला आणि क्विंटलमागे तुम्हाला 200 रुपये सुटतात असं धरलं, तर 6 लाख गेले. ओल्या गाडीवर कपातीशिवाय क्विंटलमागे जवळपास 235 रुपये पाण्यात जात होते, म्हणजे 200 सुटायच्या ऐवजी उलटे 35 गमावत होता हेही सांगा. जी गाडी वळेल ती बहुधा ओलीच असेल. अशी गाडी शेजाऱ्याकडे गेली तर दुःख करायचं कारण उरत नाही. तरी कपातीत एक नाजूक जागा आहे: ती सगळ्यांना सारखी लागली पाहिजे. ओळखीच्या माणसाला सूट दिलेली आठ दिवसांत अख्ख्या तालुक्याला कळते, आणि मग कपात ही लूट ठरते. हे पानावर लिहा, 'राबवणार कोण' या ओळीत.

वाळवणीच्या पर्यायाला मुद्दाम कमकुवत दाखवू नका. त्याचं बलस्थान खरं आहे: एकही गाडी परत जात नाही, बाजारात नाव राहतं. पण पाण्याचे पैसे दिलेलेच राहतात. वाळवून मालाची प्रत वाचते, तुटीचे पैसे नाही. वर जागा, मजुरी, आणि उघड्यावर पसरलेल्या कापसावर पाऊस व आगीची टांगती भीती. असं दोन्ही बाजूंनी लिहिलं की तुमची शिफारस आधीच ठरवून आणलेली वाटत नाही. तीन पर्यायांपैकी दोन नुसते भरतीचे असतील तर संचालकांना ते लगेच कळतं. मग ते तिसऱ्यावरही विश्वास ठेवत नाहीत. 'काहीच न करणं' हा चौथा रकाना मात्र नेहमी ठेवा, त्याची किंमत 35 लाख लिहून. नाहीतर न ठरवणं फुकट आहे असा समज होतो.

आता मुख्य मांडणी, अडचण-उपाय. यात तीन ठिकाणी गाडी रुतते.

पहिली जागा म्हणजे अडचण म्हणून उपायाचा अभाव लिहिणं. 'आपल्याकडे नवीन रोलर नाहीत' ही अडचण नाही, ती खरेदीची मागणी आहे. अडचण अशी: '42 क्विंटल रुई एप्रिलपर्यंत सरकीसोबत सरकीच्या भावाने जाणार आहे.' फरक ओळखायचा असेल तर वाक्यानंतर 'बरं, मग?' विचारा. 'रोलर नाहीत. बरं, मग?' याला उत्तर द्यावं लागतं. 'रुई सरकीच्या भावाने जाते' याला द्यावं लागत नाही.

दुसरी, उपाय अडचणीपेक्षा मोठा किंवा छोटा असणं. तुम्ही अडचण 47 लाखांची सांगितली आणि उपाय 2 लाखांचा, जो 3.2 लाख वाचवतो, तर ऐकणारा गोंधळतो: बाकीचे 44 लाख कुठे? म्हणून अडचणीचं माप उपायाच्या मापाला आणून ठेवायचं. 47 लाख ही मागची गोष्ट, एका वाक्यात. पुढची अडचण दोन भागांत: आज थांबवता येणारी 4.8 लाखांची, आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा येणारी 35 लाखांची. पहिलीवर आज निर्णय, दुसरीवर आज फक्त तारीख. हे न करता घाबरवण्यासाठी मोठा आकडा पुढे केला, तर संचालक मोठा उपाय मागतात. मग 24 मशीनचे रोलर भर हंगामात बदलायचा हुकूम निघतो, जो तोट्याचा आहे.

तिसरी, फक्त एकच उपाय दाखवणं. वरिष्ठ माणूस विचारतोच, 'दुसरं काही बघितलं का?' त्यासाठी अख्खी तुलना नको, एक वाक्य हवं: 'सगळी 24 आत्ता बदलली तर 6 लाख जाऊन 4.8 येतात, काहीच न बदललं तर 4.8 जातात, म्हणून 8.' आणि उपायासोबत मोजायची रीत द्या: 'रोलर बदलल्यावर त्याच 8 मशीनच्या सरकीचे नमुने पंधरा दिवसांनी पुन्हा काढतो, गळती निम्म्यावर आली नाही तर बाकीच्या मशीनचा विचार थांबवतो.' उपाय फसला तर कसा कळेल, हे आधी सांगणाऱ्याला पैसे लवकर मिळतात, असा माझा तरी अंदाज आहे.

15 मिनिटांची वाटणी मी अशी करीन. पहिल्या मिनिटात एकच परिच्छेद, तोंडपाठ: 'शेठ, हंगामात उतारा 0.9 ने कमी आला, 47 लाखांची तूट. त्यातला मोठा भाग ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या ओलाव्याचा, तो आता थांबला आहे आणि दसऱ्याआधी त्यावर नियम लागेल. रोलरची गळती मात्र चालू आहे. ती थांबवायला आज 2 लाखांची मंजुरी हवी.' मग चार मिनिटं तूट कशी फोडली ते, कारण इथे विश्वास बसतो किंवा मोडतो. तीन मिनिटं रोलर. दोन मिनिटं ओलाव्याचा आलेख आणि तीन मार्गांचं एक पान, तेही 'आज ठरवू नका, जूनच्या मीटिंगला आणतो' असं म्हणून. उरलेली पाच मिनिटं मोकळी ठेवा. ती मोकळी राहणार नाहीत.

शीर्षकं वाक्यात लिहा. 'उतारा विश्लेषण' असं शीर्षक कुठल्याही मांडणीत चालतं, म्हणून ते काहीच सांगत नाही. 'तुटीतले 35 लाख पाण्याचे, 12 लाख रोलरचे' हे शीर्षक फक्त तुमच्याच आढाव्यात बसतं. सगळी शीर्षकं सलग वाचली की तुमचं म्हणणं कळलं पाहिजे. मधेच कुठे 'ऑक्टोबर' किंवा 'पर्याय क्रमांक 1' असं एकटं शीर्षक दिसलं, तर तिथे सांगाडा बदलला आहे हे समजा.

एक शक्यता तयारीत ठेवा. दुसऱ्या मिनिटाला एखादे संचालक ओलाव्यावरच अडतील: 'ओला माल घेतला कोणी?' हा प्रश्न कालक्रमाकडे ओढणारा आहे. त्याच्यामागे गेलात तर खरेदीदार, गेट, मुनीम यांची चौकशी सुरू होते आणि रोलरची मंजुरी राहून जाते. त्यासाठी गाडीनिहाय नोंदीचा कागद वेगळा छापून फाइलच्या मागे ठेवा: तारीख, गाव, वजन, ओलावा मोजला की नाही. तो त्यांच्या हातात द्या आणि म्हणा, 'पूर्ण यादी ही आहे. आधी दोन मिनिटांत रोलरचं सांगतो, मग यावर बसू.' कागद हातात असला की माणूस थांबतो. नुसतं 'नंतर सांगतो' म्हटलं तर थांबत नाही. आणि त्या यादीत 'मोजला नाही' असे रकाने बरेच असतील, तर ते आधी स्वतः मोजून संख्या पाठ करून जा, कारण पुढचा प्रश्न तोच येणार आहे.